राइट-बॅक कॅशचा मेमरी ट्रॅफिक चुकीचा मोजला जात असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्या कॅश सिम्युलेटरमधील राइट-बॅकच्या मोजणीतील दोन चुका दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

मी संगणक रचना हा विषय शिकवते आणि या सत्रात आमच्या वर्गासाठी आपल्या कॅश सिम्युलेटरचा परवाना घेतला आहे. राइट-थ्रू, म्हणजे प्रत्येक लेखन लगेच मेमरीतही करणे, आणि राइट-बॅक, म्हणजे बदललेला ब्लॉक कॅशमधून बाहेर जाताना मेमरीत लिहिणे, यांची तुलना करण्यासाठी मी तो वापरत होते. गेल्या चाचणीत एका विद्यार्थिनीने राइट-बॅकचा मेमरी ट्रॅफिक हाताने मोजून १४४ बाइट असे उत्तर लिहिले. आपला सिम्युलेटर ९२ दाखवत होता, म्हणून मी तिचे उत्तर चूक ठरवले. तिने दुसऱ्या दिवशी वही पुढे ठेवून एकेक ओळ समजावून सांगितली, तेव्हा चूक तिची नसून सिम्युलेटरची आहे हे माझ्या लक्षात आले. मी तिचे गुण दुरुस्त केले आहेत. मोजणी मात्र आपल्यालाच दुरुस्त करावी लागेल.

उदाहरण लहान आहे, म्हणून ते पूर्ण देते. कॅश डायरेक्ट-मॅप्ड, म्हणजे प्रत्येक ब्लॉकची ओळ ठरलेली, त्यात चार ओळी, प्रत्येक ब्लॉक १६ बाइटचा म्हणजे चार वर्डचा, आणि प्रत्येक वाचन किंवा लेखन एका वर्डचे, म्हणजे चार बाइटचे. सुरुवातीला कॅश रिकामी आहे आणि दोन्ही पद्धतींत राइट-अलोकेट चालू आहे, म्हणजे लेखनात मिस झाला, हवा तो ब्लॉक कॅशमध्ये नसला, तरी आधी पूर्ण ब्लॉक मेमरीतून आणला जातो. खालील क्रमात W म्हणजे लेखन, R म्हणजे वाचन आणि पुढचा आकडा म्हणजे पत्ता.

```
W 0
W 4
R 8
W 64
W 0
R 128
R 16
W 20
```

पत्ते ०, ६४ आणि १२८ हे तिन्ही कॅशच्या एकाच ओळीत येतात, त्यामुळे ते एकमेकांना बाहेर काढतात. पहिल्या लेखनात मिस होतो आणि ब्लॉक आणला जातो; पुढची दोन्ही कामे त्याच ब्लॉकमध्ये हिट होतात. ६४ वर लिहिताना हा ब्लॉक बाहेर जातो, पुन्हा ० वर लिहिताना ६४ चा ब्लॉक बाहेर जातो, आणि १२८ वाचताना ० चा ब्लॉक दुसऱ्यांदा बाहेर जातो. तिन्ही वेळा बाहेर जाणारा ब्लॉक डर्टी असतो, म्हणजे राइट-बॅकमध्ये त्यातील बदल अजून मेमरीत गेलेला नसतो. पत्ता १६ चा ब्लॉक रिकाम्या ओळीत येतो आणि २० वरचे लेखन त्यात हिट होते. म्हणजे एकूण पाच ब्लॉक आणले गेले, ८० बाइट. इथपर्यंत आपला सिम्युलेटर अचूक आहे. हिट आणि मिसची मोजणीही बरोबर आहे.

राइट-थ्रूमध्ये पाचही लेखने लगेच मेमरीपर्यंत जातात, ती २० बाइट. बेरीज १००, आणि आपला सिम्युलेटरही १०० च दाखवतो. राइट-बॅकमध्ये तीन डर्टी ब्लॉक परत लिहिले जातात, प्रत्येकी १६ बाइट, म्हणून ४८. शिवाय शेवटी १६ चा ब्लॉक कॅशमध्ये डर्टीच राहतो. तो कधी ना कधी मेमरीत जाणारच, त्याचे आणखी १६. बेरीज १४४ होते. आपला सिम्युलेटर मात्र तीन वेळा केवळ चार-चार बाइट धरतो, शेवटचा ब्लॉक सोडून देतो आणि ८० अधिक १२ असे ९२ दाखवतो. त्याखाली हिरव्या अक्षरांत "राइट-बॅक अधिक फायदेशीर" असा शेराही येतो. प्रत्यक्षात या क्रमासाठी निष्कर्ष नेमका उलटा आहे.

आपल्या साहाय्य विभागाने मला उत्तर पाठवले की राइट-बॅकमध्ये ट्रॅफिक नेहमीच कमी असतो, त्यामुळे आकडा योग्य वाटतो. हे उत्तर मला मान्य नाही. या मांडणीत एक डर्टी ब्लॉक परत लिहिण्याचा खर्च चार वर्डइतका आहे, म्हणून ब्लॉक एकदा कॅशमध्ये आल्यापासून बाहेर जाईपर्यंत त्यात चारपेक्षा जास्त लेखने झाली तरच राइट-बॅक जिंकते, आणि बरोबर चार झाली तर बरोबरी होते. वरच्या क्रमात ज्यात लेखन झाले असे ब्लॉक चार वेळा कॅशमध्ये आले, आणि त्या चार मुक्कामांत लेखने झाली दोन, एक, एक आणि एक. म्हणजे प्रत्येक वेळी राइट-बॅकचे नुकसानच झाले. याउलट एकाच ब्लॉकमध्ये बारा लेखने केली, तर राइट-थ्रूला ६४ बाइट आणि राइट-बॅकला ३२ बाइट लागतात. तिथे फायदा खरा आहे. विद्यार्थ्यांना नेमका हाच फरक समजायला हवा, आणि आपला सिम्युलेटर तोच झाकून टाकतो.

चूक तपासायला सोपा क्रम हा आहे:

```
W 0
W 4
W 8
W 12
R 64
```

येथे ब्लॉकमधील चारही वर्ड बदललेले आहेत आणि शेवटच्या वाचनाने तो ब्लॉक बाहेर जातो. आपला सिम्युलेटर मेमरीत चारच बाइट लिहितो आणि एकूण ३६ दाखवतो. मग उरलेल्या तीन वर्डचा बदललेला डेटा गेला कुठे? खऱ्या यंत्रात तो कायमचा नष्ट झाला असता. योग्य उत्तर ४८ आहे, आणि राइट-थ्रूचेही ४८ च येते. काही कॅशमध्ये प्रत्येक वर्डसाठी वेगळा डर्टी बिट ठेवून बदललेलेच वर्ड परत लिहिले जातात, हे मी जाणते. पण तसे धरले तरी या क्रमात १६ बाइटच लिहावे लागतात आणि पहिल्या क्रमात, शेवटचा ब्लॉक धरून, २०. आपले आकडे त्या गृहीतकालाही जुळत नाहीत. शिवाय आपल्याच माहितीपुस्तिकेत डर्टी ब्लॉक "पूर्णपणे" परत लिहिला जातो असे स्पष्ट छापले आहे.

कॅशमध्ये शेवटी उरलेले डर्टी ब्लॉक मोजावेत की नाहीत, याबद्दल दोन्ही पद्धती वापरात आहेत, हे मला मान्य आहे. ते न मोजल्यास आमच्या क्रमाचे उत्तर १२८ येते. पण कोणते गृहीत धरले हे सांगितल्याशिवाय तुलना प्रामाणिक होत नाही, विशेषतः क्रम आठ संदर्भांचा असताना, कारण तिथे एकाच ब्लॉकने बेरजेत १६ बाइटचा फरक पडतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे की परत लिहिण्याचा खर्च ब्लॉकच्या आकारानुसार मोजावा. आणलेले, बाहेर काढताना लिहिलेले आणि शेवटी लिहिलेले बाइट अहवालात तीन वेगळ्या ओळींत दाखवावेत. आणि शेवटची ओळ बेरजेत धरायची की नाही हे वापरणाऱ्याला ठरवता यावे. फायद्याचा तो हिरवा शेरा दुरुस्ती होईपर्यंत काढून टाकावा. पुढील चाचणी तीन आठवड्यांनी आहे. तोपर्यंत दुरुस्त आवृत्ती मिळाली नाही, तर परवान्याची पूर्ण रक्कम परत करावी.

दोन्ही क्रमांच्या अहवालांच्या प्रती आणि विद्यार्थिनीच्या परवानगीने तिच्या वहीच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
परवानाधारक शिक्षिका