हमी न देणाऱ्याचीच टिंगल का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला तुमच्या स्तंभलेखकांचा ‘एसआयपीवाल्यांचे मुके फलक’ हा लेख वाचला. चहा गार झाला. म्युच्युअल फंड वितरक रोज पोस्ट टाकतात, पण ‘किती मिळणार’ एवढं सोडून सगळं सांगतात, अशी त्यांनी खिल्ली उडवली आहे. लेखकमहाशय विनोदी लिहितात, यात वाद नाही. पण त्या मुक्या फलकांतला एक माझ्या परिचयाचा आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या विश्रामबागेतला हा मुलगा दर सोमवारी गटावर एक चित्र टाकतो. वर दोन ओळी माहिती, खाली त्याचं नाव, ‘म्युच्युअल फंड वितरक’ आणि एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक. सल्लागार असं तो स्वतःला म्हणवत नाही, कारण ती नोंदणी वेगळी असते. शेवटी तेच वाक्य, ज्याला तुम्ही हसलात: ‘म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे, योजनेशी संबंधित सर्व दस्तऐवज काळजीपूर्वक वाचा.’ मीही ते कधी वाचलं नव्हतं. लग्नपत्रिकेवरचं ‘श्री गणेशाय नमः’ कोण वाचतं?

जानेवारी २०१८ मध्ये मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, “सगळ्यात जास्त कशात मिळेल ते दे.” तो म्हणाला, “काका, ते मला सांगता येत नाही. पैसे कधी लागणार आहेत ते सांगा.” मी हट्टाने स्मॉल कॅप, म्हणजे लहान कंपन्यांच्या शेअर्सचा फंड घेतला, महिना २,००० रुपये. जोखमीच्या तबकडीवरचा काटा उजवीकडे, म्हणजे जास्त जोखमीकडे झुकलेला त्याने बोटाने दाखवला होता. (तेव्हा त्या तबकडीला पाच पायऱ्या होत्या, २०२१ पासून सहा झाल्या.) मी मान डोलावली आणि सही केली.

मार्च २०२० पर्यंत २७ हप्ते गेले, म्हणजे ५४,००० रुपये. २३ तारखेला सेन्सेक्स २६ हजारांच्याही खाली आला, त्या आठवड्यात माझ्या पैशांची किंमत ३५ हजारांच्या आत होती. मी फोनवर त्याला नाही नाही ते बोललो. एसआयपी म्हणजे तोटा होत नाही, असा माझा समज. तो समज कुणी करून दिला? त्याने नाही. एसआयपी ही फक्त हप्त्याने पैसे घालायची पद्धत आहे, पडत्या बाजारात ती नुकसान अडवत नाही, हे त्याच्या जुन्या पोस्टमध्येच होतं. मी रागाने हप्ता बंद केला. पुढे बाजार वर गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. ‘थांबू नका, दुप्पट होतील’ असं तो तेव्हा म्हणाला असता तर कदाचित खरा ठरला असता, पण त्याला ते माहीत नव्हतं. म्हणून तो बोलला नाही. मार्केट यार्डातला अडत्या पुढच्या दिवाळीचा हळदीचा दर लिहून देतो का हो?

त्याच सुमारास आमच्या साडूंनी महिना चार टक्क्यांच्या हमीवर एकाकडे दोन लाख ठेवले. त्या पत्रकावर ‘हमी’ हा शब्द सोनेरी अक्षरांत होता, जोखमीचं अक्षर नाही. सात महिने आठ-आठ हजार न चुकता आले, आठव्या महिन्यात कार्यालयाला कुलूप. ते पत्रक मात्र अजिबात मुकं नव्हतं.

आता तुमच्याच लेखातला तक्ता. महिना ५,००० रुपये, २० वर्षं, १२ टक्के, मिळतील ५० लाख! भरायचे फक्त १२ लाख. या हिशेबात दर महिना सारखाच वाढतो, मार्च २०२० त्यात येतच नाही. १२ च्या जागी ८ टक्के धरा, तीच रक्कम तीस लाखांच्या आत येते. तक्त्याखाली ‘हे केवळ उदाहरण, असा परतावा मिळेलच असे नाही’ एवढी एक ओळ घालायला जागा नव्हती? लेखकांच्या हसऱ्या फोटोला चांगली तीन इंच मिळाली आहे.

वितरकाचं पोट फंडाकडून मिळणाऱ्या कमिशनवर चालतं, हे मला कळतं. तो काही संत नव्हे. हप्ते चालू राहिले तर त्याचा फायदाच आहे, आणि डायरेक्ट प्लॅनमध्ये तो खर्च वाचतो हे मला मुलीकडून कळलं, त्याच्याकडून नाही. त्यावर लिहा, मी टाळ्या वाजवीन.

आणि जाता जाता, त्याच पुरवणीत पान चारवर खाली डाव्या कोपऱ्यात ‘दरमहा खात्रीशीर उत्पन्न, त्वरित संपर्क’ अशी छोटी जाहिरात आहे. मी काल दुपारी त्या नंबरवर फोन केला. बाई गोड बोलल्या. नोंदणी क्रमांक विचारला, तर फोन ठेवला. पुन्हा लावला, लागत नाही. ही जाहिरात तुमच्या कार्यालयात पैसे घेताना कुणी वाचली होती का?

आपला,
एक जुना वर्गणीदार
विश्रामबाग, सांगली