अण्णांचं तिसरं पद

मालवण,
शुक्रवार, दुपार

प्रिय रेखा,

तुझी दोन पत्रं आली, फोनही येऊन गेला. उत्तर राहिलं त्याचं कारण अण्णाच. तब्येती म्हणशील तर आम्ही सगळे ठीक. ह्यांची शुगर गोळ्यांवर आहे, माझे गुडघे पावसात कुरकुरतात. अण्णांचं बीपी आता आटोक्यात आलंय. उजवा हात चालतो, बोलणंही बरंच परत आलंय. डॉक्टरांच्या भाषेत 'प्रगती समाधानकारक'.

पण अण्णांचा रोजचा णमोकार मंत्र मोडलाय, रेखा. हे घरात कुणाला सांगितलं तर "एवढंच ना?" म्हणतात. दादाने फोनवर सांगितलं, "म्हणू दे कसंही, देवाला कळतं." दादाला काय सांगणार? तू मात्र अण्णांना सांगलीच्या वाड्यात पहाटे कायोत्सर्गात उभं राहिलेलं पाहिलंयस. एवढंच का, हे तूच विचारणार नाहीस.

नेमकं काय होतंय ते लिहिते. पहिली दोन पदं खणखणीत येतात. णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं. तिथून थेट णमो उवज्झायाणं. मधलं आयरियाणं गायब. मला सुरुवातीला ते ऐकू आलंच नाही, कारण ते पुटपुटतात आणि ओळ कानाला ओळखीची वाटते. लक्षात आलं ते त्यांच्या छातीकडे बघून. तुला आठवतं ना, ते आपल्याला श्वासावर म्हणायला लावायचे? श्वास घेताना अरिहंताणं, सोडताना सिद्धाणं. दुसरा श्वास घेताना आयरियाणं, सोडताना उवज्झायाणं. तिसरा घेताना णमो लोए, सोडताना सव्वसाहूणं. एका मंत्राला तीन श्वास, नऊ मंत्रांना सत्तावीस, की झाला एक कायोत्सर्ग. सत्तर वर्षं त्यांचा श्वास या मापात बसलेला. आता तिसरं पद गळलं की उवज्झायाणं श्वास घेताना येतं, णमो लोए सोडताना, आणि सव्वसाहूणं म्हणतात तेव्हा छाती भरलेली असते आणि सोडायला शब्दच उरलेला नसतो. तिथे ते अडतात. काहीतरी राहिलं हे श्वासाला कळतं, काय राहिलं ते त्यांना सापडत नाही. मग पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. अंगठा पेरावरून पुढे सरकतच नाही. उजव्या हाताच्या चार बोटांची बारा पेरं आणि तशा नऊ फेऱ्या डाव्या हाताच्या बोटांवर, असा त्यांचा एकशे आठचा हिशेब. सध्या पहिल्याच पेरावर सकाळ जाते, आणि अंघोळीच्या वेळेपर्यंत ते रडकुंडीला येतात. अण्णा रडकुंडीला, रेखा! ज्यांनी आईच्या वेळी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

सांगून टाकलं तर चालतं का? चालतं. "अण्णा, आयरियाणं" म्हटलं की ते लगेच उचलतात, त्या एका वेळेपुरतं. पुढच्या वेळी पुन्हा तीच फट. शिवाय शंभर वेळा कुणीतरी शब्द पुरवायचा, हे त्यांना सोसत नाही. त्यांनी मंत्र शिकवलाय लोकांना. तुझं ते नमो आणि आमचं णमो, यावरून तू आणि मी जिन्यात एकमेकींच्या वेण्या ओढल्या होत्या, तेव्हा मध्ये पडून त्यांनी सांगितलं होतं की दोन्ही जणी आधी पूर्ण म्हणा, मग भांडा. तू मात्र 'पूर्ण' म्हणजे नऊ पदं हा हट्ट सोडला नाहीस. एसो पंच नमुक्कारोपासून पुढची चार पदं तू इतक्या जोरात म्हटलीस की खालची भाडेकरीण वर आली.

आता आमच्याकडे दिवसभर असतात त्या मावशींचं सांगते. इथल्याच, दांडीच्या. अण्णांचं अडणं बघून त्यांनी आपणहून पाचही पदं पाठ केली. मग एकदा मला विचारलं, "वैनी, ह्येच्यात देवाचा नाव खंय आसा?" मी सांगितलं, नावच नाही. महावीरांचंही नाही, पार्श्वनाथांचंही नाही. अरिहंत म्हणजे ज्यांनी आत्म्याला झाकणारी चार घाती कर्मं संपवली, पण जे अजून देहात आहेत आणि उपदेश करतात. सिद्ध म्हणजे आठही कर्मं संपून देहही सुटलेले. आचार्य म्हणजे संघ सांभाळणारे, दीक्षा आणि प्रायश्चित्त देणारे. उपाध्याय शास्त्र शिकवणारे, आणि शेवटी जगातले सगळे साधू. जो कोणी तिथे पोचला त्याला नमस्कार, मग तो कोणीही असो. "आणि मागणा?" मागणंही नाही. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मगे सिद्ध मोठो तर अरिहंत पयलो कसो?" बघ, हा प्रश्न आपण दोघींनी कधी विचारलाच नव्हता! उत्तर अण्णांनी दिलं, अंथरुणातून, तुटक तुटक. सिद्ध दिसत नाहीत. आहेत हे सांगितलं कुणी? अरिहंतांनी. म्हणून ते पहिले. इतकं स्पष्ट वाक्य आजारपणानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. म्हणजे अर्थ सगळा जागेवर आहे. तिसरे कोण, ते काय करतात, सगळं विचारलं तर सांगतात. फक्त ओघात ते पद लागत नाही.

मला वाटलं होतं की ओघ गेलाय म्हणून सोडून द्यावं. तसा आधारही आहे. अपवित्रः पवित्रो वा, सुस्थितो दुःस्थितोऽपि वा, हे आपण पूजेच्या सुरुवातीला म्हणतोच. अंघोळ झालेली असो-नसो, माणूस बरा असो वा संकटात, पंचनमस्काराचं ध्यान करावं. त्यामुळे अंथरुणात म्हणण्याचा प्रश्न मिटला. आणि मोडका मंत्र चालतो का म्हणशील, तर आपला अंजन चोर आहेच. वडाला टांगलेलं एकशे आठ दोऱ्यांचं शिंकं, खाली उभी शस्त्रं, सोमदत्त चढतो-उतरतो, त्याचा धीर होत नाही. आणि अंजनाला मंत्र येतही नाही, तो म्हणतो 'आणं ताणं कछू न जाणं, सेठ वचन परमाणं' आणि दोर कापून मोकळा होतो. आकाशात जायची विद्या त्यालाच मिळाली. मी ही गोष्ट अण्णांना सांगितली. ते म्हणाले, "त्याला येत नव्हता. मला येतो." यावर काय बोलणार, सांग.

राजा खारवेलाच्या हाथीगुंफेच्या शिलालेखाचं तेच आपल्याला सांगायचे ना, की तो दोनच नमस्कारांनी सुरू होतो, अरहंत आणि सिद्ध. पाच पदांचा तिथे पत्ता नाही आणि लेख दोन हजार वर्षांपूर्वीचा. तेही मी त्यांना आठवण करून दिलं: तुमची पहिली दोन तर कधी चुकत नाहीत, तेवढीच म्हणा. त्यांनी मान हलवली. खारवेलाने ते शिळेवर कोरलं, माझं पाचांचं आहे, असं काहीतरी म्हणाले.

आणि मग मला तुझी आजी आठवली, बा.

बाची ती छोटी आनुपूर्वीची पुस्तिका, आकड्यांच्या चौकटींची. दुपारी ती ओट्यावर बसून बोट ठेवत म्हणायची आणि आपल्याला वाटायचं ती हिशेब तपासतेय. १ दिसला की अरिहंताणं, २ ला सिद्धाणं, ३ ला आयरियाणं, ४ ला उवज्झायाणं, ५ ला सव्वसाहूणं. क्रम दर ओळीला वेगळा, पण एका ओळीत पाचही आकडे एकेकदाच. मला पहिली चौकट आठवत होती, कारण शेवटचे दोन हलत नाहीत. वहीत मोठ्या आकड्यांत लिहिली: १२३४५, २१३४५, १३२४५, ३१२४५, २३१४५, ३२१४५. शेवटच्या दोन जागा वीस तऱ्हांनी भरता येतात, म्हणून वीस चौकटी आणि एकशे वीस ओळी, हे बाने तुला पाढ्यासारखं पाठ करून दिलं होतं.

अण्णांच्या मांडीवर वही ठेवली आणि त्यांचं बोट पहिल्या आकड्यावर. रेखा, ३ वर बोट गेलं आणि ते म्हणाले, णमो आयरियाणं. सरळ. कुणी न सांगता. ओघातून जे हाती लागत नव्हतं ते आकड्यावरून लागलं, कारण तिथे मागचं पद पुढचं ओढून आणत नाही, प्रत्येक पद स्वतःच्या आकड्याने उभं राहतं. चौथ्या ओळीत तर ३ पहिलाच, तिथे ते अजिबात अडले नाहीत.

चुकतात ते दुसऱ्या ठिकाणी. १ नंतर जीभ सवयीने २ कडे धावते. २१३४५ मध्ये सिद्धाणं दोनदा येतं, २३१४५ मध्येही अरिहंताणं म्हटलं की पुन्हा सिद्धाणं. ते आकड्याकडे बघत नाहीयेत हे तिथे लगेच कळतं, बोट पुढे आणि तोंड मागे. पण त्याने ते रडत नाहीत. हसतात, बोट मागे घेतात, ओळ पुन्हा वाचतात. मन भरकटलं की पकडायला हे केलंय, असं बा म्हणायची ना? ते खरंच तसंच काम करतं. दोन चौकटींनंतर दमतात. संध्याकाळी तर हे जमतच नाही, आकडे एकमेकांत मिसळतात म्हणतात. आणि वही बाजूला ठेवली की ओघातल्या मंत्रात फट तशीच राहते, ती बुजली असं मी म्हणणार नाही. पण रोज सकाळी काही ओळी तरी पूर्ण पाचांच्या होतात, कुणीही शब्द न पुरवता. त्यानंतर ते चहा मागतात. चहावरून आठवलं, तू ती नवकारशीची मूठ आवळून घड्याळाकडे बघत बसायचीस, सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटं, आणि तुझे तीन नवकार होईपर्यंत आमच्याकडचे पोहे संपलेले असायचे! आई तुझी वाटी झाकून ठेवायची, हे तुला तेव्हा कळलं नाही म्हणून तू माझ्याशी बोलत नव्हतीस.

तर माझी काळजी आता एवढीच उरलीय. पहिल्या चौकटीपुढच्या मी गणिताने मांडल्या, पण बाच्या पुस्तिकेतला चौकटींचा क्रम माझ्या ध्यानात नाही, आणि अण्णांना तो 'जसा असतो तसा' हवाय. त्यांनीच तुझ्याकडून मागवायला सांगितलं. "रेखाच्या आजीची आहे ना, तीच बघ." बा रोज वीसही चौकटी करायची की एकच? ३ वर थांबून श्वास घ्यायची का? आणि मध्येच चूक झाली तर ओळ पुन्हा, की चौकट पुन्हा? मी ओळ पुन्हा करायला सांगते, ते बरोबर आहे का?

मुग्धाचा रिझल्ट चांगला लागला ते वाचून बरं वाटलं. फ्लॅटचं तुमचं ठरलं की कळव, पाणी किती वेळ येतं ते आधी बघ. भाऊजींना नमस्कार. पर्युषण झालं की ये इथे, समुद्र तोवर शांत होतो.

पुस्तिका जुनी झाली असेल तर पोस्टाने पाठवू नकोस. सगळ्या पानांचे फोटो काढ, उजेडात, आणि पाठव. मी मोठ्या आकड्यांत उतरवून घेईन.

तुझी,
सुमन