तात्यांना द्यायच्या पत्राबद्दल

सोलापूर

प्रिय शैला,

आमचं सगळं ठीक. माझी सर्दी गेली, महेशचा गुडघा आहे तसाच. लग्नाचे फोटो तू पाहिलेस, त्यामुळे त्यावर पानं खर्च करत नाही. हे पत्र तात्यांसाठी लिहितेय. तू माझ्याबरोबर त्यांच्या खोल्यांत भाड्यानं राहिली आहेस, त्यांना ओळखतेस. महेशला सांगून उपयोग नाही, तो म्हणतो, "त्यात काय एवढं, सांगून टाक."

सांगितलं. पेढे घेऊन खाली गेले. काकूंनी माझी ओटी भरली, तात्यांनी महेशला शेजारी बसवून घेतलं, त्याचं गाव कोणतं, घरी कोण कोण असतं, सगळं विचारलं. मग मी म्हटलं, "तात्या, अ‍ॅग्रीमेंटमध्ये ह्यांचंही नाव घालूया का?" तर एकदम गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, "राहा की दोघं. नाव कशाला पाहिजे?" काकू आत गेल्या. मी वर आले आणि रात्रभर तेच घोळवत बसले.

नाव का पाहिजे, ते तुला सांगते. आपल्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये कलम होतं ना, 'परवानाधारकाने स्वतःव्यतिरिक्त अन्य कोणासही जागेत ठेवू नये'? तू गेल्यावर नवीन केलं त्यातही ते जसंच्या तसं उतरलंय. बहुतेक करारांत 'स्वतःच्या व कुटुंबाच्या राहण्यासाठी' असं असतं, पण आपण दोघी बिनलग्नाच्या, म्हणून एजंटनं तसं टाकलं होतं. म्हणजे आज महेश इथं राहतो तो तात्यांच्या तोंडी हो म्हणण्यावर. उद्या त्यांच्या मुलानं पुण्याहून येऊन कागद काढला, तर अटीचा भंग म्हणून नोटीस देता येईल. तात्या देणार नाहीत. पण मुलाला आपण दोघी ओळखतो! (गच्चीवरच्या दोरीवरून तू त्याच्याशी भांडलीस, ते त्याच्या अजून लक्षात आहे.)

तात्यांची भीती एकच, कूळ लागेल ही. साखर पेठेतल्या त्यांच्या भावाच्या वाड्याचं तू ऐकलंच आहेस, दर दिवाळीला ऐकायचो. एक नाव होतं, मग मुलाचं, मग नातवाचं. तात्यांना वाटतं, मी बायकांना जागा दिली होती, आता पुरुषाचं नाव आलं की घर गेलं. त्यांना कसं समजावू? तिथे वाड्यात होती ती भाडेकरारावरची जुनी कुळं. आपला लिव्ह अँड लायसन्स. त्यात राहायची परवानगी मिळते, जागेत हक्क मिळत नाही. माझ्यामागे महेशला वारसानं काही मिळत नाही, परवाना माझ्याबरोबरच संपतो. नाव एक असो की दोन, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर भाड्याच्या दुप्पट रक्कम भरायची. उलट महेशचं नाव आलं तर भाड्याची जबाबदारी दोघांवर येते, म्हणजे तात्यांचाच फायदा. हे मी त्यांच्यासमोर बसून बोलले असते, तर 'पोरगी कायदा शिकवते' असं झालं असतं. म्हणून पत्र. कागद ते दुपारी चष्मा लावून सावकाश वाचतात, दोनदा वाचतात.

दुसरी अडचण मला काल कळली, काकूंकडून. मागच्या वेळी, तू गेल्यावर, एजंट मशीन घेऊन घरी आला होता. तात्यांचा अंगठा उमटेना. मागावर आयुष्य गेलेली बोटं, रेषाच उरल्या नाहीत. एजंटनं फडक्यानं पुसून पाहिलं, तेल लावून पाहिलं, एकेक बोट ठेवलं, शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. त्यांना ते फार लागलं होतं म्हणे. "माझी मला ओळख पटेना झाली," असं त्या दिवशी जेवताना म्हणाले. शैला, मी तिथेच उभी होते आणि चहा करायला गेले होते.

म्हणून मी आता नवीन करार मागतच नाहीये. चालू करार मार्चपर्यंत आहे. नोंदवलेल्या करारात मध्येच पेनानं नाव घालता येत नाही. चूकदुरुस्ती पत्र म्हणतात ते लिहिण्यातल्या चुकीसाठी, नवा माणूस घेण्यासाठी नाही. नाव घालायचं तर करार पुन्हा नोंदवायचा, सगळ्यांचे फोटो, सगळ्यांचे अंगठे. तेव्हा आज फक्त लेखी संमती मागते आणि नाव मार्चच्या नूतनीकरणात. मसुदा असा आहे, वाच:

'ती. तात्यांस सा. न. कळविण्यास आनंद होतो की माझा विवाह श्री. महेश यांच्याशी विशेष विवाह कायद्यान्वये नोंदणी पद्धतीने झाला आहे. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. चालू कराराच्या सर्व अटी, भाडे व डिपॉझिट तसेच ठेवून त्यांनी माझे पती म्हणून माझ्यासोबत राहण्यास आपली लेखी संमती असावी, ही विनंती. यामुळे त्यांना जागेत कोणताही वेगळा हक्क निर्माण होणार नाही. त्यांची माहिती पोलिसांकडे भरण्याचे काम आम्ही करू. मार्चमध्ये करार नवीन करताना दोघांचीही नावे घ्यावीत. त्याचा खर्च आम्ही करू. डिपॉझिट माझ्या नावे आहे व माझ्याच नावे परत करावे.'

खाली त्यांच्या सहीसाठी 'मान्य आहे' आणि तारीख. दोन प्रती, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

शेवटचं वाक्य तुझ्यामुळे आहे. तू वर्षाच्या मध्येच गेलीस, डिपॉझिट दोघींच्या नावे, आणि त्यातल्या अर्ध्यावरून आपण किती दिवस बोललो नाही! कागदावर कोणी किती भरले ते लिहिलं असतं, तर भांडायला काही उरलंच नसतं. महेश म्हणतो नवरा-बायकोत असं लिहू नये. मी म्हणते इथंच लिहावं.

खर्चाचं म्हणशील तर फार नाही. भाडं ८,००० धरून ११ महिन्यांचे ८८,०००. ३०,००० डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज २,७५०. मिळून ९०,७५०, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण २२७ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर ऑनलाइनचे किरकोळ आणि एजंटचे. महेशला आधारवर इथला पत्ता हवाय, पण त्यासाठी करारावर नाव लागत नाही. माझ्या आधारवर हा पत्ता आहेच, कुटुंबप्रमुख म्हणून मी संमती दिली आणि विवाह प्रमाणपत्र जोडलं की त्याचा बदलतो. हे तात्यांना मुद्दाम सांगणार आहे, म्हणजे नाव आम्ही घाईनं मागत नाही हे पटेल.

काकूंची काळजी मात्र वेगळीच, पाणी. नळ चार-पाच दिवसांनी येतो, टाकी एकच, त्यात एक माणूस वाढला. त्यावर मी पिंप घेतलंय, आमच्या खर्चानं. हे पत्रात लिहू की तोंडी सांगू? मला वाटतं तोंडी, काकूंना, स्वयंपाकघरात.

बाळाला दात आले का? तुझी बदली नाशिकलाच राहिली हे ऐकून बरं वाटलं. सासूबाईंना नमस्कार. शेंगा चटणी पाठवते, यावेळी तिखट कमी आहे.

मसुदा वाचून लगेच कळव. 'कोणताही वेगळा हक्क निर्माण होणार नाही' हे वाक्य तात्यांना बोचेल का, एवढंच बघ. ते काढायचं नाही, हलकं कसं करायचं ते तू सांग. गुरुवारी ते सिद्धेश्वराला जाऊन आले की मी खाली जाणार आहे.

तुझी,
वैजू