रेटिक ३ टक्के म्हणजे ‘हाय’?

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतल्या रक्तक्षयावरच्या लेखात ‘रेटिक काउंट वाढलेला असेल तर अस्थिमज्जा जोमाने काम करतेय’ असं छापलंय. रेटिक म्हणजे अस्थिमज्जेने नुकत्याच रक्तात सोडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी. लेख कळकळीने लिहिलाय, हे मान्य. पण याच समजुतीपायी आमच्या वहिनींचे दहा दिवस फुकट गेले, म्हणून लिहिते आहे.

त्यांचं हिमोग्लोबिन होतं ५, आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला टक्का, १५. रिपोर्टात रेटिक ३ टक्के, पुढे ‘हाय’. डॉक्टर म्हणाले, मज्जा ठीक आहे, पेशी कुठेतरी फुटताहेत. मग त्याच तपासण्या सुरू झाल्या.

मी तीस वर्षं लॅबमध्ये हेच मोजत आले. रक्तात न्यू मिथिलिन ब्लू मिसळून पंधरा-वीस मिनिटं ३७ अंशांवर ठेवायचं, स्लाइड ओढायची आणि हजार तांबड्या पेशींत निळी जाळी दिसणाऱ्या कोवळ्या पेशी किती, ते मोजायचं. वहिनींच्या तीस भरल्या, म्हणजे ३ टक्के. मोजणी चोख होती. पण टक्का शेवटी कशाचा? शंभर मुलांच्या शाळेत दोन नवी मुलं म्हणजे २ टक्के. पन्नास मुलं शाळा सोडून गेली, तर तीच दोन मुलं ४ टक्के होतात. नवीन कोणीच आलेलं नसतं!

म्हणून रेटिकच्या टक्क्याला रुग्णाच्या हिमॅटोक्रिटने गुणून ४५ ने, म्हणजे निरोगी माणसाच्या हिमॅटोक्रिटने, भागायचं. ३ गुणिले १५ भागिले ४५, उत्तर १. निरोगी माणसाइतकं. पण हिमोग्लोबिन ५ वर आलेलं असताना मज्जेने निरोगी माणसाइतकंच काम करणं पुरेसं कसं? शिवाय इतक्या रक्तक्षयात मज्जा पेशी आणखी कोवळ्या असतानाच बाहेर ढकलते. एरवी रक्तात दिवसभर कोवळी दिसणारी पेशी मग अडीच दिवस तशीच दिसते आणि मोजणीत साचत जाते. म्हणून हिमॅटोक्रिट १५ असताना पुन्हा अडीचने भागायचं. उरले ०.४. हा आकडा २ च्या खाली असला तर मज्जा गरजेइतक्या पेशी देत नाही, असं समजायचं.

मी हे रिपोर्टाच्या पाठीवर मांडून दाखवलं, तेव्हा कुठे बी-१२ तपासलं. ते अगदी कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर सातव्या दिवशी हिमॅटोक्रिट १८ आणि रेटिक २० टक्के. दुरुस्त करून ८, अडीचने भागूनही ३.२. मज्जा खरी जागी झाली ती तेव्हा.

रेटिकच्या रिपोर्टात शेजारी हिमॅटोक्रिट आणि दुरुस्त आकडा छापायला लॅबवाल्यांना काय जड जातं? आणि पुरवणीतला तक्ता गुलाबी रंगावर पांढऱ्या अक्षरांत होता. चष्मा लावूनही वाचता आला नाही. लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती येत्या पुरवणीत, काळ्या शाईत छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा