एकर बोललो, हेक्टर लिहिलं गेलं

संपादक महोदय,

खरीप पीक विम्याची मुदत जवळ आली की '३१ जुलैपर्यंत अर्ज भरा' ही बातमी सगळीकडे येते. तारीख कळते, पण अर्जात क्षेत्र कसं लिहायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

माझा गट १ हेक्टर २० आरचा. त्यातला २० आर पोटखराबा. उरलेल्या रानात एक एकर सोयाबीन आणि दीड एकर तूर. केंद्रावरच्या मुलाने विचारलं, "सोयाबीन किती?" मी म्हणालो, "एक एकर." त्याने रकान्यात १.०० टाकलं. तो रकाना हेक्टरचा! एक एकर म्हणजे साधारण ४० आर, तिथे ०.४० हवं होतं. तूर भरायला घेतली तेव्हा गटात जागाच उरेना, म्हणून चूक सापडली. ज्याच्या रानात एकच पीक असेल, त्याला ती कशी कळणार?

हप्त्यावरून कळू शकते. खरिपाच्या अन्नधान्य आणि गळीत धान्य पिकांना शेतकऱ्याचा वाटा विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के असतो. हेक्टरी संरक्षण ५० हजार धरलं, तर ४० आरचा हप्ता ४०० रुपये होतो. हजार मागितले तर तिथेच थांबावं आणि रकाना बघावा.

पैसे जास्त गेले एवढ्यावर हे भागत नाही. अर्ज पेरणीच्या स्वयंघोषणेवर भरला जातो, ई-पीक पाहणी बहुधा त्यानंतर होते. दोन्हींत तफावत निघाली तर पाहणीतली नोंद धरली जाते, आणि नुकसान झाल्यावर आपला अर्ज अडकतो. पिकाचंही तेच. मागच्या वर्षीच्या सातबाऱ्यावर कापूस दिसतो म्हणून यंदाही कापूस भरू नये. यंदा जे पेरलं तेच, आणि पेरणीची खरी तारीख.

शेवटच्या दिवशी पोर्टल संथ चालतं आणि केंद्रावर रांग लागते. मग पावती न वाचताच लोक घरी जातात. माझी विनंती आहे की निदान आठ दिवस आधी जावं. पावती हातात आली की गट नंबर, पीक, हेक्टर-आर आणि खाते क्रमांक तिथेच उभं राहून वाचावा. मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी हेलपाटे घालूनही काम होईलच असं नाही.

कृषी विभागाला एकच सांगणं आहे. अर्जात हेक्टरच्या रकान्याशेजारी एकराचा आकडा आपोआप दिसू द्या. आम्ही एकरात पेरतो, एकरातच बोलतो.

आपल्या अंकात मुदतीची तारीख छापाल तेव्हा तिच्याखाली 'एक एकर म्हणजे सुमारे ०.४० हेक्टर' एवढी ओळही छापावी.

आपला,
एक अल्पभूधारक शेतकरी, जि. लातूर