38,757 रुपयांचा घोडा : एका गेम कंपनीला खुले पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(कंपनीचं आणि गेमचं नाव इथे लिहीत नाही. तुमचं तुम्हाला कळेल.)

प्रत : मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री

महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या मुलाने तुमच्या गेममध्ये उडवलेले 38,757 रुपये परत मागितले होते, त्यावर आपलं उत्तर काल रात्री मिळालं. महिना उलटून गेल्यावर का होईना, आलं, त्याबद्दल आभार. आपण लिहिता, 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सदिच्छा म्हणून आपल्या खात्यात 500 रत्ने जमा केली आहेत.' रत्नं म्हणजे तुमच्या गेममधली नाणी. ते उत्तर मी तीनदा वाचलं. मग बायकोला वाचून दाखवलं. गुत्त्यावर पोराने पैसे उडवले म्हणून बाप भांडायला गेला आणि मालकाने समजूत काढायला त्याच्या हातात क्वार्टर ठेवली, तसं झालं हे.

मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. बागायतदार म्हणजे बंगलेवाला नव्हे, वडिलांनी लावलेली सत्तर कलमं आहेत. यंदा मोहोर आला तो थ्रिप्सने खाल्ला, चार फवारण्या जास्त झाल्या, औषधांची उधारी कृषी सेवा केंद्रात थकलेली. मे महिन्यात वाशीच्या दलालाकडून पट्टी आली, पैसे खात्यात पडले. 21 मे रोजी उधारी भागवायला दुकानात गेलो, मोबाइलने पैसे पाठवायला गेलो तर 'अपुरी शिल्लक'. दुकानदार म्हणाला, नेटवर्कचं काहीतरी असेल. नेटवर्कचं काही नव्हतं.

घरी येऊन मेल उघडली. मेल मी कधी उघडतो? कोणी फॉर्म भरायला लावला तरच. तिथे 33 पावत्या रांगेत पडलेल्या होत्या. पासबुकात फक्त ॲपच्या दुकानाचं नाव, तुमच्या गेमचं नाव पावती उघडल्यावरच दिसतं. पहिली पावती 2 मेची, 89 रुपयांची. मग 449 च्या सहा, 899 च्या बारा आणि शेवटच्या तीन रात्रींत 1,799 च्या चौदा. बेरीज 38,757. माझ्या हिशोबात पंधराशेला एक धरली तर पाच डझनाच्या सव्वीस पेट्या.

मुलगा चौदा वर्षांचा, नववीत गेलाय. मारलं नाही, हे आधी सांगतो, कारण लोक तेच विचारतात. चूक माझीही आहे. ऑर्डरी, पत्ते, पैसे आले की नाही बघणं, हे सगळं तोच करतो. आंब्याच्या दिवसांत हात चिकाने भरलेले असतात, चष्मा सापडत नाही, मग मीच ओरडतो, 'बाबू, तूच टाक रे पिन.' त्यामुळे बँकेने हात वर केले. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात आहेच, ग्राहकाने स्वतः पिन सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. बँकेवर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण त्याचं पत्र वेगळं.

राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. रात्री मुलाला शेजारी बसवलं आणि म्हटलं, दाखव मला, पहिल्यापासून. त्याने दाखवलं. गेम सुरू करताना तुम्ही जन्मतारीख विचारता. बिचाऱ्याने खरी टाकली. त्यावर तुमच्या गेमने काय केलं? गप्पांची खिडकी बंद केली. तिथे अजून लिहिलेलं येतं, '18 वर्षांखालील खेळाडूंसाठी चॅट उपलब्ध नाही.' छान. काळजी घेता. पण त्याच पडद्यावर, त्या कुलपाच्या बोटभर खाली, दुकानाचं बटण लकाकत होतं, आणि त्याला कुलूप नव्हतं. समोरचा अनोळखी माणूस माझ्या पोराशी बोलला तर धोका, आणि तुम्ही त्याच्याकडून रात्री पावणेबाराला 1,799 रुपये घेतलेत तर व्यापार! वय तुम्हाला माहीत नव्हतं असं आता म्हणू नका. फोटो काढून ठेवलाय.

तुमचं दुकानही बघितलं. आम्ही वाशीच्या मार्केटला घाबरतो, पण तुमच्यापुढे तो दलाल संत माणूस. तिथे बंद पेट्या असतात, आत काय निघेल ते नशिबावर. एक पेटी उघडायला 150 रत्नं लागतात. 449 रुपयांत 500 रत्नं मिळतात, म्हणजे तीन पेट्या उघडून 50 उरतात. 899 ला 1,040 मिळतात. सहा पेट्या उघडल्या की 140 उरली. सातवीला दहा कमी! हा आकडा कोणी चुकून ठरवला असेल का? आमच्याकडे पेटीत एक आंबा कमी भरला तर गिऱ्हाईक फोनवर शिव्या देतं. तुमच्याकडे दहा कमी पडतात म्हणून पोरगं पुन्हा 899 भरतं. रुपये कुठे दिसतच नाहीत, दिसतात ती रत्नं, म्हणून त्याला आपण काय घालवतोय ते कळलंही नाही. वर कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतंय, '15 मिनिटांत ऑफर संपेल'. मी बघत बसलो. पंधरा मिनिटं संपली. दोन मिनिटांनी तीच ऑफर परत आली.

या सगळ्याच्या शेवटी होता एक सोनेरी पंखांचा घोडा. तो पेटीत निघण्याची शक्यता दोनशेत एक. हे तुम्ही लिहिलेलं आहे, चार पानं आत, बारीक अक्षरात. मुलाला वाटलं, दोनशे पेट्या उघडल्या की एक घोडा नक्की. तसं नसतं. प्रत्येक पेटीला चिठ्ठी नव्याने निघते, मागच्या रिकाम्या पेट्या कोणी मोजत नाही. त्याच्या गणिताच्या सरांनी मला हिशोब करून दाखवला, शंभर मुलांनी प्रत्येकी दोनशे पेट्या उघडल्या तरी साधारण सदतीस मुलांना घोडा मिळणारच नाही. माझ्या मुलाने तीनशेच्या वर उघडल्या. घोडा मिळाला. 18 मेच्या रात्री. त्याने तो मला दाखवला तेव्हा तो रडत होता. माझी आई मागे उभी होती, तिने चष्मा सारखा केला आणि विचारलं, 'ह्यो घोडो खाता काय?'

आता टोलवाटोलवी ऐका. ॲपच्या दुकानाकडे परतावा मागितला. ते म्हणाले, 48 तासांच्या आत मागायला हवा होता, आता गेम बनवणाऱ्यांकडे जा. शेवटचा व्यवहार होऊन एकोणसाठ तास झाले होते. तुमच्या ग्राहक सेवेकडे आलो. तुम्ही म्हणालात, पैसे दुकानाने घेतले, तिकडे जा. पुन्हा लिहिलं तर म्हणालात, रत्नं वापरली गेली, वापरलेला डिजिटल माल परत घेत नाही. वापरली म्हणजे काय? घोडा आहे ना तुमच्याच कॉम्प्युटरवर, घ्या परत, पंखांसकट. आणि खाली धमकीवजा ओळ, बँकेमार्फत रक्कम अडवल्यास खाते कायमचे बंद केले जाईल. करा की! आमच्या घरात त्या दिवशी पेढे वाटतो.

देवगडच्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला करार करताच येत नाही, आणि 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरीबीबी खटल्यात सांगून टाकलं की असा करार मुळातच रद्द. तिथे तर सावकाराने अल्पवयीन मुलाला पैसे दिले होते, ते सावकाराचे बुडाले. इथे तुम्ही अल्पवयीनाकडून घेतलेत. वकील प्रामाणिक आहेत, पुढचंही बोलले. कंपनी म्हणेल, पैसे बापाच्या खात्यातून, बापाच्या फोनवरून आले, आम्ही समजलो बापच खेळतोय. म्हणून तर ती जन्मतारीख महत्त्वाची. पन्नाशीच्या बापाचं चॅट बंद कशाला केलं होतंत?

मंत्रिमहोदय, आता दोन शब्द आपल्याशी. ऑगस्ट 2025 मध्ये आपण कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केलेत. टाळ्या वाजवल्या आम्ही. पण आता कळलं की पैसे जिंकायची आशा दाखवली तरच तो पैशांचा खेळ. पैसे फक्त जायचे, एक रुपया परत यायची सोयच नाही, असं असेल तर त्याला ती बंदी लागत नाही! म्हणजे आमच्या जत्रेत चोरून जुगाराचा पट मांडणारा गुन्हेगार, कारण तो कधीतरी देतो. 2023 च्या नोव्हेंबरात ग्राहक मंत्रालयाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार जाहीर केले, त्यात खोटी घाई पहिल्या नंबरवर आहे. मग ते उलटं पळणारं घड्याळ कोणाला दिसत नाही का? अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सला असल्याच उद्योगांसाठी साडेचोवीस कोटी डॉलर ग्राहकांना परत करायला लावले, म्हणजे आपले दोन हजार कोटी झाले. तिथल्या पोरांचा बाप बाप, आणि आम्ही काय? आमच्या वाडीत नववी-दहावीची सोळा पोरं आहेत, त्यातली निदान नऊ हाच गेम खेळतात. जिल्ह्याचा हिशोब तुम्ही करा, तुमच्याकडे माणसं आहेत. आमच्याकडे रेंज यायला सड्यावर चढावं लागतं, पीकविम्याचं पोर्टल पाऊस पडला की बंद, तलाठ्याचा सर्व्हर सदा डाऊन. पण 1,799 रुपये जायचे तेव्हा मात्र एकदाही चाक फिरत बसलं नाही. मुलांच्या हातात मोबाइल आम्ही हौसेने दिला का? 2020 मध्ये शाळाच त्यात भरवलीत.

असो. विषय तुमच्याकडे परत आणतो, अधिकारी महोदय.

ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्यात व्हायला हवं. आपल्याकडे केलेल्या तक्रारीची पोच आली नाही, निवारण म्हणून 500 रत्नं आली. मला 38,757 रुपये पूर्ण हवेत, जिथून गेले त्याच खात्यात. आणि ज्या खेळाडूची जन्मतारीख पाहून तुम्ही चॅट बंद करता, त्याचं दुकानही त्याच क्षणी बंद करा. तुमच्या पोरांना जमेल ते, कुलूप तयारच आहे.

पंधरा दिवस वाट बघेन. मग ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आणि 2019 च्या कायद्याने मी राहतो तिथेच ती करता येते. तुमचं ऑफिस कुठे का असेना, यावं लागेल तुम्हाला. पावसात घाट जपून उतरा.

आणि ती 500 रत्नं आधी काढून घ्या. तीन पेट्या उघडून पन्नास उरतात. मुलाने काल रात्रीच मला विचारलं, 'बाबा, ही तर फुकटची आहेत ना?'

आपला,
देवगड तालुक्यातला एक बाप