टाइमआउटनंतर एसडीके परस्पर करत असलेले रिट्राय आणि त्यांचे आमच्यावर आकारलेले बिल

प्रति,
प्रमुख, ग्राहक सहाय्य विभाग

विषय : एसडीकेच्या नव्या आवृत्तीतील टाइमआउट व रिट्रायमुळे झालेली जादा आकारणी आणि बंद पडलेली सेवा

मा. महोदय,

आपला भाषा मॉडेल वापरणाऱ्या आमच्या प्रॉडक्शन सेवेला गेल्या महिन्यात वारंवार `429` एरर येत होत्या. त्याबद्दलच्या आमच्या तिकिटावर आपल्या विभागाने "तुमचा वापर मर्यादेपेक्षा जास्त आहे, वरचा प्लॅन घ्यावा" असे उत्तर देऊन तिकीट बंद केले. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. आमचा वापर वाढलेलाच नव्हता. तो आपल्या एसडीकेने वाढवला. कसा, ते खाली मांडत आहे. हे पत्र कृपया सहाय्य विभागापुरते न ठेवता एसडीके लिहिणाऱ्या टीमपर्यंत पोहोचवावे.

आमच्याकडे दोन प्रकारची कामे एकाच खात्यावरून चालतात. एक म्हणजे लांबलचक कागदपत्रांचे सारांश, जे रांगेतून मागच्या मागे होतात. दुसरे म्हणजे ग्राहकांच्या प्रश्नांना दिली जाणारी छोटी उत्तरे, ज्यांची माणूस स्क्रीनसमोर बसून वाट पाहत असतो. एका सारांशात साधारण 2,000 आउटपुट टोकन असतात आणि मिनिटाला असे 30 सारांश होतात, म्हणजे 60,000 टोकन. आमची मर्यादा मिनिटाला 1,00,000 आउटपुट टोकनांची आहे. उरलेली जागा छोट्या उत्तरांना पुरते. हे गणित सुरुवातीपासून असेच आहे.

एसडीकेच्या नव्या आवृत्तीत मूळ टाइमआउट 10 मिनिटांवरून 30 सेकंदांवर आणला गेला. बदलांच्या यादीत याचा उल्लेख नाही, तो आम्हाला सोर्स कोड उघडून शोधावा लागला. आपला मॉडेल सेकंदाला 80 टोकनच्या वेगाने लिहीत असतो तेव्हा 2,000 टोकनांचे उत्तर 25 सेकंदांत पूर्ण होते आणि सगळे सुरळीत वाटते. चाचणीत आम्हालाही तसेच वाटले. पण गर्दीच्या वेळी हा वेग 50 वर येतो आणि त्याच उत्तराला 40 सेकंद लागतात. आम्ही स्ट्रीमिंग वापरत नव्हतो, त्यामुळे 30 व्या सेकंदाला कनेक्शन तुटते तेव्हा आपल्या बाजूला 1,500 टोकन लिहून झालेले असतात आणि आमच्या हाती एकही अक्षर आलेले नसते.

खरे नुकसान इथून पुढे होते. कनेक्शन तुटले तरी आपला सर्व्हर लिहिणे थांबवत नाही. तो उरलेले 500 टोकनही पूर्ण करतो, ते आमच्या कोट्यातून वजा करतो आणि बिलात लावतो. तिकडे एसडीके टाइमआउटला "तात्पुरती अडचण" समजून एक सेकंद थांबतो आणि तीच विनंती पुन्हा पाठवतो. असे तो एकूण दोनदा करतो. मॉडेल मंदावलेलाच असल्याने तिन्ही प्रयत्न 30 सेकंदांवर तुटतात. एका सारांशासाठी 6,000 टोकन लिहिले जातात, आम्हाला मिळते शून्य. मिनिटाला 60,000 ची मागणी अशी 1,80,000 वर जाते आणि मर्यादा ओलांडली जाते. मग `429` सुरू होतात, आणि ते फक्त सारांशांना येत नाहीत. खाते एकच असल्याने ज्यांचा यात काहीही संबंध नाही अशी छोटी उत्तरेही नाकारली जातात. आमच्या ग्राहकांनी पाहिली ती हीच बंद पडलेली सेवा.

आमच्या रांगेचे स्वतःचेही तीन रिट्राय आहेत. कोणत्याही जबाबदार रांगेचे असतात. बाहेर चार प्रयत्न आणि प्रत्येकाच्या पोटात एसडीकेचे तीन, म्हणजे एका कामामागे 12 विनंत्या. एसडीके आपले रिट्राय लॉगमध्ये लिहीतच नाही, त्यामुळे हा गुणाकार आमच्या बाजूने दिसत नव्हता. दिसला तो आपलाच वापर अहवाल आमच्या लॉगशेजारी ठेवल्यावर. आमच्याकडे टाइमआउट म्हणून नोंदलेल्या विनंत्या आपल्या अहवालात 40 सेकंदांच्या, `200` मिळालेल्या, यशस्वी विनंत्या आहेत. दोन्ही नोंदी या पत्रासोबत जोडल्या आहेत. हा ताळमेळ आपल्या विभागाने आधी घातला असता तर वरच्या प्लॅनचा सल्ला द्यावा लागला नसता. तो प्लॅन घेऊनही मॉडेल मंदावला की हेच झाले असते, फक्त मोठ्या आकड्यांनी.

दुसरी तक्रार `429` च्या उत्तराबद्दल आहे. त्यात `Retry-After` हेडर नसतो, आणि विनंत्यांची मर्यादा संपली की टोकनांची, हेही सांगितलेले नसते. किती थांबायचे हे न कळल्याने एसडीके सर्वांना सारखाच एक सेकंद थांबवतो. एकाच क्षणी नाकारलेले आमचे सगळे वर्कर मग एकाच क्षणी परत येतात आणि पुन्हा नाकारले जातात. आलेखावर याचे करवतीसारखे दाते दिसतात. थांबण्याचा काळ दर प्रयत्नाला दुप्पट करणे पुरेसे नसते. त्यात यदृच्छ फरक, म्हणजे जिटर, नसेल तर सगळे दुप्पट थांबून पुन्हा एकत्रच येतात.

सेवा चालू ठेवण्यासाठी आम्ही एसडीकेचे रिट्राय `max_retries=0` करून बंद केले आणि रिट्राय फक्त रांगेकडे ठेवले. थांबण्याचा काळ आता असा काढतो :

```python
if retry_after is not None:
    wait = retry_after + random.uniform(0, 2)
else:
    wait = random.uniform(0, min(60, 2 ** attempt))
```

सारांश स्ट्रीमिंगवर नेले. त्यामुळे टाइमआउट पूर्ण उत्तरावर न लावता दोन तुकड्यांमधल्या शांततेवर लावता येतो : 20 सेकंद काहीच आले नाही तरच कनेक्शन तोडायचे, आणि एकूण मर्यादा 3 मिनिटे. मंद चालणारा मॉडेल आणि अडकलेला मॉडेल यांतला फरक यामुळे कळतो. मिनिटभरातल्या एकूण विनंत्यांपैकी 10 टक्क्यांहून जास्त रिट्राय झाले तर रांग नवे सारांश घेणे थांबवते, म्हणजे छोट्या उत्तरांची जागा शाबूत राहते. `400` किंवा `401` आल्यास पुन्हा प्रयत्न करतच नाही, कारण तीच चुकीची विनंती पुन्हा पाठवून उत्तर बदलत नाही.

पण क्लायंटने कनेक्शन तोडल्यावर सर्व्हरने लिहिणे थांबवणे, हे आम्ही आमच्या बाजूने करू शकत नाही. ते आपल्यालाच करावे लागेल. त्यात आपलाही फायदा आहे : गर्दीच्या वेळी आपली यंत्रे कोणीही वाचणार नाही अशी उत्तरे लिहीत बसतात आणि त्यामुळेच आणखी मंदावतात.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. जोडलेल्या नोंदींमधील ज्या विनंत्यांचे उत्तर आमच्यापर्यंत पोहोचलेच नाही, त्यांची आकारणी परत करावी. कनेक्शन तुटताच निर्मिती रद्द व्हावी. तांत्रिक कारणाने ते लगेच शक्य नसेल, तर विनंतीसोबत एक खूणक्रमांक पाठवण्याची सोय द्यावी, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आल्यास तयार झालेले उत्तर मिळेल, नवे लिहिले जाणार नाही. `429` सोबत `Retry-After` आणि संपलेल्या मर्यादेचे नाव द्यावे. एसडीकेचा प्रत्येक रिट्राय लॉगमध्ये दिसावा, आणि मूळ टाइमआउट बदलल्यास तो बदलांच्या यादीत सर्वांत वर लिहावा.

बंद केलेले तिकीट पुन्हा उघडून लेखी उत्तर द्यावे. आपल्या अभियंत्यांना आमचे लॉग हवे असल्यास विनंत्यांच्या आयडीसह ते देण्याची आमची तयारी आहे.

कळावे,

आपला,
बॅकएंड विभागप्रमुख

सोबत : टाइमआउट झालेल्या विनंत्यांचा आमचा लॉग आणि त्याच विनंत्यांचा आपला वापर अहवाल